सल्लागार मॅडमना भेटण्याआधी

विद्यापीठात विषयांची आखणी करायला मदत करणाऱ्या सल्लागार मॅडमच्या भेटीची वेळ कळवणारा मेल आला तेव्हा हातात नऊ दिवस होते. भेट तीस मिनिटांची होती आणि मेलच्या शेवटी एक ओळ होती, ‘प्रश्न तयार ठेवून यावे.’ मी त्याच रात्री वही काढली आणि सुचतील तसे प्रश्न लिहीत गेले. एकोणीस झाले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतल्या, शेवटच्या वर्षाला असलेल्या ताईला ते दाखवले. तिने पेन्सिल घेतली आणि अकरा प्रश्नांपुढे ‘पु’ असं अक्षर काढलं. पु म्हणजे पुस्तिका.

“या अकरांची उत्तरं नियमपुस्तिकेत आहेत,” ती म्हणाली. “मॅडमचा वेळ त्यात घालवलास, तर जे फक्त त्यांनाच माहीत आहे ते विचारायचं राहून जाईल.”

पदवीला एकूण किती क्रेडिट लागतात, एका सेमिस्टरमध्ये जास्तीत जास्त किती घेता येतात, विषय बदलायची शेवटची तारीख कोणती, असे ते प्रश्न होते. मी पुस्तिका तोवर उघडलीही नव्हती. ती वाचायला बसले आणि माझ्या खऱ्या अडचणी तिथे सापडायला लागल्या. एकोणिसांच्या यादीत त्यातली एकही नव्हती.

माझी परिस्थिती थोडी वेगळी होती. मी पहिलं वर्ष दुसऱ्या संस्थेत केलं होतं आणि मानसशास्त्राच्या पदवीसाठी इथे दुसऱ्या वर्षाला आले होते. तिथे ३० क्रेडिट पूर्ण झाले होते. इथली पदवी १२० क्रेडिटची. म्हणजे उरले ९०, सहा सेमिस्टर, दर सेमिस्टरला १५. हा हिशेब मी प्रवेश घेतल्यापासून मनात धरून होते आणि तो इतका सरळ होता की तपासावासा कधी वाटला नाही.

विद्यापीठाच्या पोर्टलवर ‘डिग्री ऑडिट’ नावाचा एक अहवाल निघतो. पदवीला काय काय लागतं, त्यातलं तुमचं काय झालं आणि काय उरलं हे त्यात खान्याखान्यांनी दिलेलं असतं. मी तो छापून घेतला. पहिलाच आकडा चुकीचा वाटला, कारण माझ्या नावावर ३० ऐवजी २७ क्रेडिट होते. पुस्तिकेत कारण मिळालं. बाहेरून आणलेल्या विषयात किमान ‘सी’ श्रेणी असेल तरच त्याचे क्रेडिट धरतात. एका विषयात मला त्याच्या खालची श्रेणी होती. त्या संस्थेत मी पास होते, इथे तो विषय धरला गेला नाही. तेव्हा उरले ९३. सहाने भागले तर साडेपंधरा येतात. दर सेमिस्टरला १५ घेत गेले असते तर शेवटच्या सेमिस्टरनंतर मी ११७ क्रेडिटवर उभी असते आणि तीन क्रेडिटसाठी पदवी अडली असती.

तरीही एकूण बेरीज हा त्या अहवालातला सोपा भाग. खरी गोष्ट खान्यांची आहे आणि ती कळायला मला दोन संध्याकाळी लागल्या. १२० क्रेडिट म्हणजे कोणतेही १२० नव्हेत. आमच्याकडे मुख्य विषयाचे ६०, सर्वसाधारण अभ्यासक्रमाचे ३६ आणि मुक्त निवडीचे २४ अशी वाटणी आहे. माझे २७ या तीन खान्यांत कसे टाकलेत ते पाहिलं, तर सर्वसाधारणमध्ये १२, मुक्त निवडीत १२ आणि मुख्य विषयात फक्त ३. म्हणजे मुख्य विषयाचे ५७ अजून बाकी, आणि मुक्त निवडीचा निम्मा खाना माझ्या पसंतीचा एकही विषय न घेता भरलेला.

मुक्त निवडीतल्या त्या १२ मध्ये एक ओळ अशी होती: ‘सांख्यिकी, प्रथम वर्ष, ३ क्रेडिट’. पुढे आमच्या विभागाचा विषय क्रमांक नव्हता. त्या जागी नुसती तीन एक्स अक्षरं होती. ताईने सांगितलं, याचा अर्थ क्रेडिट मान्य झाले, पण इथल्या कोणत्याही विषयाशी त्याची बरोबरी ठरलेली नाही. बेरजेत ते तीन मोजले जातात, पण ‘सांख्यिकी १ झालंय’ असं कुठेच धरलं जात नाही. क्रेडिट मिळणं आणि समकक्षता मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. बदली करून येणाऱ्या प्रत्येकाने अहवालात सर्वात आधी या एक्सच्या ओळी शोधाव्यात असं मी आता सगळ्यांना सांगते.

हे एवढं महत्त्वाचं का, ते दुसऱ्या संध्याकाळी समजलं. मी एक कागद आडवा धरून त्यावर सहा रकाने आखले, एकेका सेमिस्टरचा एक, आणि शेवटाकडून भरायला सुरुवात केली. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प दोन सेमिस्टर चालतो, म्हणून पाचव्या आणि सहाव्या रकान्यात ‘प्रकल्प’ लिहिलं. प्रकल्पाला बसायला ‘संशोधन पद्धती’ हा विषय आधी पूर्ण हवा. संशोधन पद्धतीला ‘सांख्यिकी २’ आधी हवं आणि त्याला ‘सांख्यिकी १’. साखळी चार कड्यांची. पुस्तिकेत हे एवढंच आहे. कोणता विषय कोणत्या सेमिस्टरला चालतो ते तिथे सांगितलेलं नाही. म्हणून मी पोर्टलवरची गेल्या तीन वर्षांची वेळापत्रकं काढून पाहिली. सांख्यिकी १ प्रत्येक वेळी होतं. सांख्यिकी २ तिन्ही वर्षं फक्त विषम सेमिस्टरला होतं, आणि संशोधन पद्धती फक्त सम सेमिस्टरला.

मग कागदावर पुन्हा शेवटाकडून मागे आले. प्रकल्प पाचव्यात सुरू व्हायचा तर संशोधन पद्धती उशिरात उशिरा चौथ्यात. त्याआधी सांख्यिकी २ उशिरात उशिरा तिसऱ्यात. त्याआधी सांख्यिकी १ उशिरात उशिरा दुसऱ्यात. मी मनाशी ठरवलं होतं की नव्या जागी रुळेपर्यंत आकडेमोडीचे विषय लांबवायचे आणि सांख्यिकी माझ्या इथल्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरला घ्यायचं. तसं केलं असतं तर सांख्यिकी २ पाचव्यात गेलं असतं, संशोधन पद्धती सहाव्यात, आणि प्रकल्पासाठी आणखी एक अख्खं वर्ष. एक विषय एका सेमिस्टरने पुढे ढकलायचा आणि पदवी दोन सेमिस्टरनी लांबवायची, असा तो प्रकार होता. तो कागद पाहून मला घाम फुटला, हे खरं सांगते.

तारखांकडे त्यानंतर वळले. आमच्याकडे दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत विषय सोडला तर त्याची कुठेच नोंद राहत नाही. त्यानंतर दहाव्या आठवड्यापर्यंत सोडता येतो, पण गुणपत्रिकेवर ‘विड्रॉ’ असा शेरा येतो, फी परत मिळत नाही आणि ते क्रेडिट पूर्ण झालेल्यांत धरत नाहीत. दहाव्या आठवड्यानंतर मिळेल ती श्रेणी घ्यावी लागते. या तारखा वहीत उतरवून घेतल्या तेव्हा त्या सुट्या सुट्याच दिसत होत्या. माझ्या १५ क्रेडिटवर त्या लावून पाहिल्यावर अडचण दिसली. पहिल्या सेमिस्टरला माझ्याकडे प्रयोगशाळेचा एक चार क्रेडिटचा विषय होता. तो सोडायची वेळ आली तर उरतात ११. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून गणलं जायला किमान १२ लागतात आणि माझी शिष्यवृत्ती पूर्णवेळ असण्यावर आहे. म्हणजे ‘दहाव्या आठवड्यापर्यंत सोडता येतो’ ही सवलत त्या एका विषयापुरती मला जवळपास नव्हतीच.

एवढं झाल्यावर प्रश्नांची यादी पुन्हा लिहिली. एकोणिसांतले अकरा पुस्तिकेत मिटले होते. दोन निरर्थक ठरले. एक फीबद्दल होता, तो लेखा विभागाला विचारायचा होता. उरले पाच आणि कागदावरून निघाला एक नवा, असे सहा. ते लिहिताना एक गोष्ट जाणूनबुजून केली. ‘मी पहिल्या सेमिस्टरला काय घेऊ?’ असा प्रश्न ठेवला नाही. त्या जागी ‘सांख्यिकी १ पहिल्याऐवजी दुसऱ्या सेमिस्टरला घेतलं तर प्रकल्पापर्यंत काही अडतं का? माझ्या आखणीत अडत नाही, पण माझं काही सुटलंय का?’ असं लिहिलं. पहिल्या प्रश्नावर मॅडमना माझी सगळी माहिती काढत बसावं लागलं असतं. दुसऱ्यात त्यांना माझं काम तपासायचं होतं, आणि ते दोन मिनिटांत होतं.

भेटीच्या दोन दिवस आधी सहा प्रश्न, सहा रकान्यांचा कागद आणि जुन्या संस्थेतल्या सांख्यिकीचा अभ्यासक्रम त्यांना मेलने पाठवला. अभ्यासक्रम मिळवायला मात्र खटपट करावी लागली. माझ्याकडे नुसता विषयांच्या नावांचा कागद होता आणि त्यावरून समकक्षता ठरत नाही. प्रत्येक आठवड्याला काय शिकवलं, कोणतं पुस्तक होतं, परीक्षेची विभागणी कशी होती, हे सगळं असलेली प्रत लागते. ती जुन्या संस्थेच्या कार्यालयाकडे मागितली आणि पाचव्या दिवशी मिळाली. जुनी संस्था सोडतानाच सगळ्या विषयांची ही प्रत घेऊन ठेवली असती तर हे पाच दिवस वाचले असते.

मॅडमनी माझा कागद छापून टेबलावर ठेवला होता आणि त्यावर लाल पेनाने दोन ठिकाणी खुणा होत्या.

“साखळी बरोबर ओळखलीस,” त्या म्हणाल्या. “सांख्यिकी २ विषम सेमिस्टरलाच असतं. पुस्तिकेत लिहिलेलं नाही, तुला कसं कळलं?”

मी वेळापत्रकांचं सांगितलं. त्या म्हणाल्या की संशोधन पद्धती दोन्ही सेमिस्टरला ठेवायचं विभागात बोलणं चाललंय, पण काही ठरलेलं नाही, तेव्हा त्यावर भिस्त ठेवायची नाही. ही गोष्ट मला कोणत्याही कागदावर सापडली नसती.

मग समकक्षतेचा प्रश्न. मला वाटत होतं की मॅडम अभ्यासक्रम पाहतील आणि होय किंवा नाही सांगतील. त्यांनी पाहिला, बारकाईने पाहिला, आणि म्हणाल्या, “मला हे सांख्यिकी १ च्या जवळचं वाटतं. पण माझ्या वाटण्याला इथे किंमत नाही. निर्णय विभागाची समिती घेते. त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि तो सहाव्या आठवड्याच्या आत पोचला पाहिजे. उत्तर यायला महिना लागतो.”

“मग तोवर पहिल्या सेमिस्टरला सांख्यिकी १ घेऊन ठेवू का?”

“घेतलंस आणि मध्येच समकक्षता मिळाली, तर एकाच विषयाचे क्रेडिट दोनदा मिळत नाहीत. दुसरा आठवडा उलटून गेलेला असेल, म्हणजे सोडलंस तर शेरा येणार. आणि नाही सोडलंस तर सेमिस्टरभर केलेल्या कामाचे तीन क्रेडिट कुठेच धरले जाणार नाहीत.” त्यांनी माझा कागद माझ्याकडे वळवला आणि दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. “तुझ्याच आखणीत सांख्यिकी १ दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत थांबू शकतं. मग थांबव. अर्ज आत्ता कर. दुसऱ्या सेमिस्टरची नोंदणी नवव्या आठवड्यात उघडते, तोवर उत्तर आलेलं असेल. होकार आला तर ती जागा मोकळी, नकार आला तर तिथे सांख्यिकी १.”

मी त्या साखळीकडे फक्त धोका म्हणून पाहत होते. तिच्यात एका सेमिस्टरची मोकळीक आहे आणि ती वाट पाहायला वापरता येते, हे त्यांनी दाखवेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी बजावलंही की ही मोकळीक एकदाच आहे. तिसऱ्या सेमिस्टरला सांख्यिकी २ मध्ये नापास झाले किंवा तिथे जागा मिळाली नाही, तर वर्ष जाईल. म्हणून त्या विषयाची नोंदणी पहिल्याच दिवशी करायची.

विदाशास्त्राचा मायनर, म्हणजे मुख्य विषयासोबतचा दुय्यम विषय, घ्यायचा की नाही हा माझा तिसरा प्रश्न होता. मायनर १८ क्रेडिटचा. माझ्या मुक्त निवडीत फक्त १२ उरलेले. मी मनातून तो सोडून दिला होता. मॅडमनी विचारलं, मायनरच्या यादीत सांख्यिकी १ आणि २ आहेत ना? होते. मुख्य विषय आणि मायनर यांत सहा क्रेडिटपर्यंत सामायिक धरता येतात. म्हणजे त्या दोन विषयांचे सहा दोन्हीकडे चालतील आणि बाहेरून घ्यायचे राहतील नेमके १२. बसतं, पण काठोकाठ. सामायिक धरलं तरी एकूण बेरजेत ते सहा एकदाच मोजतात, हे त्यांनी कागदावर लिहून दिलं, कारण यात खूप जण चुकतात. काहींना मुख्य विषय आणि मायनर दोन्ही पूर्ण दिसतात आणि शेवटच्या सेमिस्टरला कळतं की १२० भरत नाहीत.

चार क्रेडिटच्या प्रयोगशाळेवर त्यांनी सुचवलेला उपाय साधा होता. सर्वसाधारण खान्यात बसणारी एक क्रेडिटची लेखन कार्यशाळा आहे, ती जोडायची, म्हणजे १६ होतात आणि चार गेले तरी १२ उरतात. मला मुक्त निवडीतली एक क्रेडिटची दुसरी कार्यशाळा आवडली होती. ती घेतली असती तर मुक्त निवडीत ११ उरून मायनर एका क्रेडिटने अडला असता. शिष्यवृत्तीचं मात्र त्या बोलल्या नाहीत. “नियम मला ढोबळ माहीत आहे, पण त्यात चूक झाली तर नुकसान तुझं होईल. त्या कार्यालयाकडून लेखी घे.” मी घेतलं. तिथून कळलं की सेमिस्टरला १२ क्रेडिटची नोंदणी तर लागतेच, शिवाय वर्षाला किमान २४ पूर्ण व्हावे लागतात. ही दुसरी अट मला ठाऊकच नव्हती.

बाकीचे प्रश्न भराभर झाले. मला प्रवेश घेतलेल्या वर्षाची पुस्तिका लागू आहे, जुन्या संस्थेत पहिलं वर्ष केलं तेव्हाची नाही. जुन्या संस्थेतल्या श्रेणी इथल्या सरासरीत येत नाहीत, फक्त क्रेडिट येतात. ९३ पैकी कार्यशाळेचा एक जादा क्रेडिट धरूनही दोन कमी पडत होते, त्यासाठी एखाद्या सेमिस्टरला जास्त भार घ्यावा लागणार. कोणत्या, ते पहिल्या सेमिस्टरचा निकाल पाहून ठरवू, असं त्या म्हणाल्या. एवढंच पक्कं सांगितलं की प्रकल्पाच्या दोन सेमिस्टरना भार वाढवायचा नाही.

बाहेर पडल्यावर जिन्याशेजारच्या बाकावर बसून आठवतंय तोवर सगळं उतरवलं आणि संध्याकाळी मॅडमना मेल केला: ‘आज ठरलेल्या गोष्टी मला अशा समजल्या, काही चुकलं असेल तर कृपया सांगावे.’ खाली सहा मुद्दे. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. पाच बरोबर होते. अर्ज सहाव्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत करायचा असं मी लिहिलं होतं. त्यांनी दुरुस्त केलं की सहाव्या आठवड्याच्या सोमवारी समितीची बैठक असते, म्हणून अर्ज त्याच्या आधीच्या शुक्रवारपर्यंत पोचायला हवा. समोर बसून ऐकलेलं असूनही मी एक आठवडा चुकले होते. तो मेल मी अजून जपून ठेवलाय, कारण पुढे कधी शंका निघाली तर काय ठरलं होतं ते त्यात दोघींच्या शब्दांत आहे.

अर्ज तिसऱ्या आठवड्यात दिला. समितीने मधे जुनी प्रश्नपत्रिका मागितली, ती सुदैवाने माझ्याकडे होती. आठव्या आठवड्यात होकार आला. मी डिग्री ऑडिट पुन्हा काढलं. तीन एक्सच्या जागी आता सांख्यिकी १ चा क्रमांक होता आणि ते तीन क्रेडिट मुक्त निवडीतून उचलून मुख्य विषयात टाकलेले होते. मुख्य विषयात बाकी ५४, मुक्त निवडीत १५. तळाची बेरीज तीच, ९३, कारण एकही क्रेडिट नवा आलेला नव्हता. पण मायनर आता काठोकाठ राहिला नव्हता, आणि माझ्या कागदावरचा दुसऱ्या रकान्यातला एक चौकोन रिकामा झाला होता. नोंदणी पुढच्या आठवड्यात उघडणार होती. मी नवा कागद आखला, तो चौकोन तसाच ठेवून खाली एक प्रश्न लिहिला आणि मॅडमना वेळ मागणारा मेल टाकला.